बारा प्लेट्स आणि एक चंबू अगार

मेण ज्या तापमानाला वितळते, जवळपास त्याच तापमानाला ते पुन्हा घट्ट होते. अगारचे तसे नाही. समुद्रातल्या लाल शेवाळापासून मिळणारा हा पदार्थ पाण्यात वितळवायला ८५ अंश सेल्सिअसच्या वर जावे लागते. एकदा वितळला की मात्र तो ४० अंशांच्या आसपास येईपर्यंत पातळच राहतो. जिवाणू वाढवण्यासाठी प्लेट तयार करण्याची सगळी कृती या दोन आकड्यांमधल्या अंतरावर उभी आहे. अगार ५० अंशांना हाताळता येईल इतपत कोमट असतो आणि तरीही ओतता येतो. पुढे हीच प्लेट ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवली तरी ती वितळत नाही.

अगारच्या आधी जिलेटिन वापरले जाई. ते उन्हाळ्यात पातळ होई आणि अनेक जिवाणू तर ते पचवूनच टाकत. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करणारे वाल्टर हेसे या त्रासाने हैराण झाले होते. त्यांच्या पत्नी फॅनी हेसे घरी जेली आणि पुडिंग करताना अगार वापरत. जावा बेटावर राहून आलेल्या ओळखीच्यांकडून त्या हे शिकल्या होत्या. १८८१ मध्ये त्यांनी नवऱ्याला अगार सुचवला. कॉख यांनी १८८२ च्या क्षयरोगावरील लेखात अगारचा उल्लेख केला, पण फॅनींचे नाव घेतले नाही. मराठी घरांत उपवासाच्या किंवा मेजवानीच्या पुडिंगसाठी आणला जाणारा चायना ग्रास म्हणजे हाच अगार. फक्त त्याची शुद्धता आणि घट्टपणा दर पाकिटाला बदलतो, म्हणून प्रयोगशाळेत जिवाणूशास्त्रासाठी तयार केलेली अगार पावडर घेतात.

न्यूट्रिएंट अगार हे नवशिक्याचे पहिले माध्यम. एका लिटर पाण्यासाठी त्याचे प्रमाण असे: पेप्टोन ५ ग्रॅम, मांसअर्क ३ ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम आणि अगार १५ ग्रॅम. काही कंपन्या मांसअर्काचे प्रमाण निम्मे करून उरलेल्या जागी यीस्टचा अर्क घालतात. एका प्लेटला २० मिलिलिटर माध्यम लागते, त्यामुळे बारा प्लेट्ससाठी २५० मिलिलिटर पुरते आणि थोडे उरते. म्हणजे वजन करायचे ते पेप्टोन १.२५ ग्रॅम, मांसअर्क ०.७५ ग्रॅम, मीठ १.२५ ग्रॅम आणि अगार ३.७५ ग्रॅम. हे सगळे मिसळून मिळणारी तयार पावडर वापरायची असेल तर लिटरला साधारण २८ ग्रॅम, म्हणजे २५० मिलिलिटरला ७ ग्रॅम घेतात. नेमका आकडा डब्यावर छापलेला असतो आणि तोच पाळायचा.

या चौघांची कामे वेगवेगळी आहेत. पेप्टोन म्हणजे आधीच अर्धवट पचवलेले प्रथिन. अख्खे प्रथिन तोडण्याची ताकद प्रत्येक जिवाणूत नसते, पण त्याचे लहान तुकडे बहुतेकांना उचलता येतात. या माध्यमात साखर नाही, त्यामुळे नायट्रोजन आणि कार्बन या दोन्हींसाठी जिवाणू मुख्यतः पेप्टोनवरच अवलंबून असतात. मांसअर्कातून जीवनसत्त्वे आणि क्षार मिळतात. मिठामुळे पेशीच्या आतल्या आणि बाहेरच्या पाण्याचा तोल राहतो. अगार मात्र अन्न नाही. फार थोडे जिवाणू, तेही बहुतेक समुद्रातले, तो पचवू शकतात. म्हणूनच वसाहती वाढत असताना त्यांच्या खालचा पृष्ठभाग शाबूत राहतो.

मांस कोणते, याला विज्ञानाची सक्ती नाही. मुंबईत १८९६ च्या प्लेगच्या साथीत वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये लस तयार केली, तेव्हा जंतू वाढवण्याच्या रसासाठी बकऱ्याचे मांस वापरले. ही लस हिंदू आणि मुसलमान दोघांनाही टोचून घेता यावी, हा त्यामागचा विचार होता. जंतूंना त्याने काही फरक पडला नाही.

वजन करताना त्रास देतो तो मांसअर्क. तो चिकट लगदा असेल तर कागदाला चिकटून बसतो, आणि पावडर असेल तर पावसाळी हवेतले पाणी ओढून काही मिनिटांत गोळा होते. म्हणून तो लहान बीकरमध्ये मोजून थोड्या कोमट पाण्याने चंबूत धुऊन घ्यायचा आणि डबा लगेच घट्ट बंद करायचा. पाणी डिस्टिल्ड हवे. बोअरवेलच्या जड पाण्यातले कॅल्शियम तापल्यावर गाळ धरते आणि प्लेट गढूळ दिसते.

आता सामू, म्हणजे पीएच. इथे क्रम महत्त्वाचा आहे. अगार सोडून बाकी तीन घटक २०० मिलिलिटरच्या आसपास पाण्यात विरघळवायचे, सामू जुळवायचा, मग पाणी २५० मिलिलिटरपर्यंत भरायचे आणि शेवटी अगार टाकायचा. अगार वितळल्यावर सामू मोजायला गेले तर पीएच मीटरच्या काचेच्या टोकावर तो गोठतो आणि टोक खराब होते. शिवाय गरम द्रवाचा सामू थंड द्रवासारखा नसतो. ठरलेला आकडा ७.४ आहे, त्यात ०.२ इकडेतिकडे चालते, आणि तो २५ अंशांना मोजलेला असावा लागतो.

मीटर आधी ७.० च्या आणि मग ९.२ च्या बफरमध्ये बुडवून जुळवून घ्यायचा, कारण आपला आकडा या दोघांच्या मधे पडतो. समजा, मीटरने ६.८ दाखवले. पेप्टोन आणि मांसअर्काच्या मिश्रणाचा सामू असा थोडा आम्लाकडे झुकलेला आढळणे नेहमीचे आहे. मग १०० मिलिलिटर पाण्यात ४ ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवून केलेले द्रावण ड्रॉपरने एकेक थेंब टाकायचे, चंबू हलवायचा, आकडा थांबेपर्यंत वाट पाहायची आणि मग पुढचा थेंब. सुरुवातीला आकडा हळू सरकतो, कारण पेप्टोन स्वतःच सोडा रिचवतो. म्हणून घाईने दहा-बारा थेंब एकदम टाकले की आकडा ८ च्याही पुढे जाऊ शकतो. मग हायड्रोक्लोरिक आम्ल टाकून मागे, पुन्हा सोडा टाकून पुढे, अशी ओढाताण सुरू होते आणि दर फेरीला माध्यमातले मीठ वाढत जाते. कॉस्टिक सोडा कातडी आणि डोळे भाजतो, त्यामुळे हातमोजे आणि चष्मा इथूनच चढवायचे.

ऑटोक्लेव्हमध्ये शिजताना सामू किंचित खाली उतरतो. म्हणून अनुभवी मंडळी तो ७.४ च्या खाली न ठेवता ७.५ च्या बाजूला ठेवतात.

सामू चुकला तर काय होते, हे प्लेटच सांगते. तो ६ च्या खाली असताना माध्यम तापवले तर आम्ल अगारच्या लांब साखळ्या तोडते. मग प्लेट लिबलिबीत होते आणि जिवाणू पसरवताना तारेचे टोक तिच्यात घुसते. उलट सामू फार वर गेला तर फॉस्फेटचे क्षार बाहेर पडून माध्यमात पांढुरका गाळ दिसतो.

अगारची पावडर थंड पाण्यात टाकून पाच-दहा मिनिटे फुगू द्यावी आणि मग आच लावावी. ती तळाशी बसते, म्हणून काचेच्या दांड्याने ढवळत राहावे लागते. नाहीतर तळ करपतो आणि करपलेल्या माध्यमात जिवाणूंना बाधणारी द्रव्येही तयार होतात. उकळी फुटताना फेस झपाट्याने वर येतो. म्हणून २५० मिलिलिटर माध्यमासाठी ५०० मिलिलिटरचा चंबू घ्यायचा आणि उकळी दिसताच आच कमी करायची. चंबू उजेडासमोर धरून फिरवला की काचेवरून ओघळणाऱ्या थरात बारीक पारदर्शक कण दिसतात. ते दिसेनासे झाले म्हणजे अगार विरघळला. इथे आळस केला तर पुढे काही प्लेट्स दगडासारख्या आणि काही पाणीदार निघतात.

चंबूच्या तोंडाला कापसाचा बोळा बसवतात. हा कापूस औषधाच्या दुकानातला जखमेवर लावायचा शोषक कापूस नको. तो वाफेने भिजतो आणि ओल्या कापसातून बाहेरचे जंतू आत झिरपू शकतात. गादीसाठी वापरतात तसा पाणी न शोषणारा कापूस घट्ट गुंडाळून बोळा करायचा, वरून कागद लावून दोऱ्याने बांधायचे.

नुसते उकळून भागत नाही, याचे कारण बीजाणू. मातीतले बॅसिलस जातीचे जिवाणू अडचणीच्या काळात जाड कवचाचे बीजाणू तयार करतात. त्यांतले कित्येक उकळत्या पाण्यात तासभर ठेवले तरी जिवंत राहतात. १२१ अंशांची ओली वाफ त्यांना पंधरा मिनिटांत संपवते. पाण्याची वाफ उघड्या भांड्यात १०० अंशांपुढे जात नाही, म्हणून १५ पौंडांचा दाब लागतो. मारते ते तापमान, दाब नव्हे. हा फरक विसरला की ऑटोक्लेव्ह फसवतो.

भांड्यात हवा अडकून राहिली तर काटा १५ पौंड दाखवतो, पण त्यातला काही दाब हवेचा असतो आणि तापमान १२१ पर्यंत पोचत नाही. म्हणून झाकण लावल्यावर व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा, वाफेचा सलग झोत चार-पाच मिनिटे निघू द्यायचा आणि मगच तो बंद करायचा. वेळ मोजायची ती काटा १५ वर पोचल्यानंतर. पंधरा मिनिटे झाली की आच बंद करायची आणि काटा आपोआप शून्यावर येऊ द्यायचा. व्हॉल्व्ह मधेच उघडला तर दाब एकदम पडतो, चंबूतले माध्यम उसळून बोळ्यापर्यंत येते आणि बोळा ओला झाला की सगळी मेहनत वाया जाते.

ऑटोक्लेव्ह नसेल तर घरगुती प्रेशर कुकरही जवळपास याच दाबावर चालतो. त्याला काटा नसतो, म्हणून पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करून वेळ थोडा जास्त, वीस ते पंचवीस मिनिटे, द्यायचा आणि चंबूऐवजी लहान बाटल्या ठेवायच्या. त्या कुकरमध्ये पुन्हा स्वयंपाक करू नये. चंबूवर चिकटवतात ती रेघा काळ्या पडणारी पट्टी फक्त उष्णता लागल्याचे दाखवते. माध्यम खरोखर निर्जंतुक झाले का, हे पुढे प्लेटच सांगणार असते.

चंबू बाहेर काढल्यावर तो गोलाकार हलवायचा, पण बुडबुडे येऊ द्यायचे नाहीत. अगार तळाकडे जड होऊन बसलेला असतो. न हलवता ओतले तर पहिल्या प्लेट्स सैल आणि शेवटच्या टणक होतात. मग चंबू ५० अंशांच्या पाण्यात ठेवून थंड होऊ द्यायचा. थर्मामीटर आत घालण्याचा मोह टाळायचा, तो पाण्यात घालायचा. गालाला किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला चंबू टेकवून सहज धरवला, तर ओतायची वेळ झाली असे समजतात. ६० अंशांच्या वर असतानाच ओतले तर झाकणाच्या आतून पाण्याचे थेंब साचतात. ते पुढे अगारवर पडून वसाहती एकमेकींत वाहून जातात. ४५ च्या खाली उतरू दिले तर प्लेटमध्ये गुठळ्या पडतात.

आता खरी जोखमीची पाच-दहा मिनिटे. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी हाफकिन यांची प्लेगची लस १०७ जणांना टोचली गेली. त्यांतल्या एकाच बाटलीतून लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने गेले. मुंबईच्या परळ इथल्या प्रयोगशाळेत भरताना लस दूषित झाली, असा ठपका ठेवून हाफकिन यांना दूर करण्यात आले. नंतर साक्षींमधून निघाले ते असे: बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच बुचाला लावला गेला. हाफकिन यांच्यावरचा ठपका पुसायला १९०७ साल उजाडले. प्रयोगशाळेत अचूक तयार झालेली वस्तू उघडण्याच्या एका क्षणात दूषित होऊ शकते, आणि जमिनीवरच्या धुळीत बीजाणू असतातच. प्लेट ओतताना धोका नेमका इथेच आहे.

म्हणून आधी पंखा आणि एसी बंद, खिडक्या बंद. टेबल ७० टक्के स्पिरिटने पुसायचे आणि ते पूर्ण वाळल्यावरच बर्नर पेटवायचा, कारण ओल्या स्पिरिटला आग लागते. ज्योतीमुळे गरम हवा वर जाते आणि तिच्या आसपास धूळ खाली बसण्याची शक्यता कमी होते. म्हणून सगळे काम ज्योतीपासून वीतभर अंतरात करायचे. काचेच्या प्लेट्स असतील तर त्या कागदात गुंडाळून १६० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास ठेवून निर्जंतुक केलेल्या असाव्यात. प्लास्टिकच्या असतील तर त्यांची पिशवी आत्ताच फोडायची.

बोळा करंगळी आणि तळव्यात पकडून काढायचा, टेबलावर ठेवायचा नाही. चंबूचे तोंड ज्योतीतून फिरवायचे. दुसऱ्या हाताने प्लेटचे झाकण एका बाजूने उचलायचे, चंबूचे तोंड जाईल तेवढेच, आणि झाकण प्लेटवर छत्रासारखे राहू द्यायचे. २० मिलिलिटर ओतले की नेहमीच्या ९० मिलिमीटरच्या प्लेटमध्ये तीन मिलिमीटरच्या आसपास थर बसतो. झाकण टाकून प्लेट टेबलावरच हळू फिरवायची, म्हणजे माध्यम कडेपर्यंत पोचते. दर दोन-तीन प्लेट्सनंतर चंबूचे तोंड पुन्हा ज्योतीतून काढायचे. बुडबुडे दिसले तर माध्यम गोठण्याआधी ज्योत वरून क्षणभर फिरवली की ते फुटतात. मात्र हे फक्त काचेच्या प्लेटवर, कारण प्लास्टिक वितळते. या सगळ्या वेळात बोलायचे नाही आणि प्लेटवरून हात फिरवायचा नाही.

वीस-तीस मिनिटांत अगार गोठतो. मग प्लेट्स उलट्या करून तळावर तारीख आणि माध्यमाचे नाव लिहायचे. झाकणावर लिहिले तर झाकणांची अदलाबदल झाल्यावर काहीच कळत नाही.

लगेच जिवाणू लावायचे नाहीत. प्लेट्स आधी ३७ अंशांना एक रात्र, जमल्यास दोन दिवस रिकाम्याच ठेवायच्या. यात दोन कामे होतात: पृष्ठभागावरचे जादा पाणी वाळते आणि न बोलावलेले पाहुणे दिसू लागतात. समजा, बारापैकी दोन प्लेट्सवर पृष्ठभागावर एकेक पिवळसर ठिपका उगवला. बाकीच्या दहा स्वच्छ आहेत, म्हणजे माध्यम निर्जंतुक होते. हे जंतू ओतताना हवेतून पडले. हिरवी किंवा काळी, केसाळ बुरशी दिसली तर तीही हवेतूनच आली. वाढ फक्त कडेला असेल तर प्लेट किंवा तिचे झाकण नीट निर्जंतुक नव्हते, अशी शंका घ्यायची. पण सगळ्या बाराही प्लेट्सच्या थराच्या आत, पृष्ठभागाखाली, मसुरीच्या आकाराच्या बारीक वसाहती अडकलेल्या दिसल्या, तर दोष माध्यमातच आहे. तिथे बीजाणू वाचले. ऑटोक्लेव्हमधली हवा नीट निघाली नव्हती किंवा वेळ कमी पडला. अशी खेप पूर्ण फेकायची.

उलट तपासणीही हवी. एक स्वच्छ प्लेट झाकण काढून अर्धा तास खोलीत उघडी ठेवायची आणि मग बंद करून इन्क्युबेट करायची. हवेतले जंतू तिच्यावर वसाहती करून दाखवतात. काहीच उगवले नाही तर माध्यम जिवाणूंना पोसत नाही, अशी शक्यता उरते आणि सामू व वजने पुन्हा पाहावी लागतात.

या प्लेटवर सगळेच उगवते, असे नाही. स्ट्रेप्टोकोकससारख्या नाजूक जिवाणूंना रक्त घातलेले माध्यम लागते. क्षयाचे जंतू इथे वाढतच नाहीत, आणि विषाणूंना तर जिवंत पेशीच हव्या. माती, पाणी किंवा हवेतल्या सामान्य जिवाणूंसाठी मात्र ही प्लेट पुरते. एकदा जंतू उगवले की प्लेट टेपने बंद करायची आणि घरात किंवा वर्गात ती उघडायची नाही, कारण उगवलेला जंतू कोणता, हे दिसण्यावरून ठरत नाही. काम झाले की ती ऑटोक्लेव्ह करून किंवा कुकरमध्ये अर्धा तास शिजवून मगच टाकायची. प्लास्टिकची प्लेट त्यात वाकडी होते, म्हणून ती आधी उष्णता सोसणाऱ्या पिशवीत भरायची आणि पिशवीचे तोंड सैल ठेवायचे. न वापरलेल्या प्लेट्स उलट्या, पिशवीत गुंडाळून फ्रिजमध्ये चार अंशांना ठेवल्या की दोन ते चार आठवडे टिकतात. त्यानंतर थर आक्रसून कडेपासून सुटू लागतो आणि त्या प्लेटवर मोजलेल्या वसाहतींवर विसंबता येत नाही.